आजी-आजोबांकडून मुलांसाठी स्वागताची कविता: कशी जमवायची, कशी म्हणून घ्यायची

प्रश्न: आमच्या वृद्धाश्रमात दोन आठवड्यांनी कॉलेजची मुलं स्वयंसेवक म्हणून यायला लागणारेत. पहिल्या दिवशी आजी-आजोबांकडून त्यांच्यासाठी स्वागताची एक कविता व्हावी असं मनात आहे. मी एक लिहून बघितली पण ती शाळेतल्या स्वागतगीतासारखी वाटतेय. काहींना ऐकू कमी येतं, दोघांना विसरायचा आजार आहे. कशी लिहायची आणि म्हणून कशी घ्यायची?

उत्तर:

तुम्ही लिहू नका, हे पहिलं. म्हणजे वही-पेन तुमच्याच हातात राहील, अक्षरं मोजायचं कामही तुमचंच, पण वाक्यं त्यांची हवीत. मी बरीच वर्षं ज्येष्ठांच्या निवासांमध्ये कवितेच्या बैठका घेते आणि स्वागतगीताचा वास कुठून येतो ते आता लांबून कळतं. तुमची कविता मी वाचलेली नाही तरी पैजेवर सांगते, त्यात कुठेतरी मुलं फुलं झालीत, नाहीतर वसंत, नाहीतर देवदूत, आणि आजी-आजोबा वाळलेली पानं. असं लिहिण्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, आपण काळजीवाहू माणसं त्यांच्याकडे बाहेरून बघून लिहितो म्हणून ते तसं होतं. पण 'शुष्क आमच्या जीवनात तुम्ही आलात' हे वाक्य ऐंशी वर्षांची बाई अठरा वर्षांच्या पोरापुढे कधी स्वतःहून म्हणेल का? ती म्हणेल, 'बस रे तिथे, आणि जरा मोठ्याने नाव सांग.'

आणि समोरच्या पोरांचं काय होतं तेही बघा. पहिल्यांदा आलेली असतात, आधीच अवघडलेली, त्यात सुरुवातीलाच 'आम्ही एकटे, आम्हाला कुणी नाही' असं ऐकलं की त्यांना कुठे बघावं ते कळत नाही. मग ती एकतर मोबाईलकडे बघतात नाहीतर जरुरीपेक्षा जास्त गोड बोलायला लागतात, लहान मुलांशी बोलतो तसं, आणि हा गोड सूर एकदा लागला की पुढचे कित्येक दिवस सुटत नाही. म्हणून माझ्या मते स्वागताच्या कवितेचं काम एकच, या घरात यजमान कोण आहे ते पहिल्या दोन मिनिटांत कळलं पाहिजे. येणारी मुलं पाहुणी, राहणारी माणसं यजमान. यजमान पाहुण्याला काय सांगतो? कुठे बस, काय कर, काय करू नकोस, परत कधी येणार. कवितेत हेच आलं की ती आपोआप वेगळी होते आणि वर उपयोगाचीही होते, कारण मुलांना जे ओरिएंटेशनमध्ये सांगायचं ते अर्धंअधिक त्यातच सांगून होतं.

आता वाक्यं काढायची कशी. सहा ते आठ जणांना घेऊन बसा, जास्त नकोत. सकाळचा नाश्ता आणि औषधं झाल्यावर तासाभराने बरं असतं, बहुतेकांचं डोकं तेव्हा सर्वात ताजं असतं. दुपारी जेवणानंतर अजिबात नको. पाऊण तास पुरे. एक मोठा कागद भिंतीला लावा, जाड मार्करने लिहा आणि जो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहा, तुम्ही सुधारू नका. लिहून झालं की लगेच मोठ्याने वाचून दाखवा आणि कुणाचं वाक्य आहे तेही म्हणा, 'हे आजी म्हणाल्या, बरोबर?' आपलं बोलणं लिहिण्यासारखं आहे हे दिसलं की गप्प बसलेली माणसं तोंड उघडतात. ही पद्धत काही माझी नाही. केनेथ कॉख नावाच्या अमेरिकन कवीने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका नर्सिंग होममध्ये असेच कवितेचे वर्ग घेतले होते, तिथल्या लोकांना लिहिता येण्यासारखं नव्हतं म्हणून ते तोंडी सांगायचे आणि बाकीचे लिहून घ्यायचे.

सगळं अडतं ते प्रश्नावर. 'मुलं येणारेत, कसं वाटतंय?' असं विचारलंत की उत्तर ठरलेलं, 'छान वाटतंय.' पुढे काही नाही. भावना विचारायची नाही, वस्तू आणि हालचाल विचारायची. मुलं दारातून आत आली की त्यांना पहिलं काय दिसेल? ती कुठे बसतील, तुमच्या जागेवर बसली तर चालेल का? तुमच्याशी बोलताना लोक काय करतात ज्याचा तुम्हाला वैताग येतो? तुम्ही त्यांच्याएवढे होतात तेव्हा काय नवीन शिकत होतात? त्यांच्याकडून काय करून घ्यायचंय आणि तुम्ही त्यांना कशात हरवू शकता? हा शेवटचा प्रश्न विचारला की खोली जागी होते, बघाच.

विसरायचा आजार असलेल्या दोघांना 'आठवतंय का' हे दोन शब्द वापरून काहीही विचारू नका, ती त्यांच्यासाठी परीक्षा होते आणि नापास झाल्यासारखं वाटून माणूस आत जातो. त्यांच्यासमोर काहीतरी ठेवा, तरुण मुलामुलींचा एखादा फोटो चालेल, ओळखीच्या कुणाचा मुद्दाम नसलेला, आणि विचारा, 'ही कुठे चाललीय असेल? हिला काय सांगूया?' यात चुकीचं उत्तर असूच शकत नाही, जे येईल ते लिहायचं. अ‍ॅन बास्टिंग यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेत डिमेन्शिया झालेल्या लोकांबरोबर काम सुरू केलं ते याच तत्त्वावर, आठवणीवर जोर द्यायचा नाही, कल्पनेला वाट करून द्यायची. कधीकधी सगळ्यात ताजी ओळ इथूनच मिळते. माझ्या एका बैठकीत फोटोतल्या मुलीकडे बघून एक आजी एवढंच म्हणाल्या, 'बस ना, उभी काय.' ते 'बस ना' मी सरळ ध्रुवपदात घेतलं.

आता साचा. मुक्तछंद नको, आणि गाण्याची चाल लावायची म्हणून मात्रांची कसरतही नको. अष्टाक्षरी घ्या, एका ओळीत आठ अक्षरं, चार ओळींचं कडवं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला यमक, बस्स. कारण साधं आहे. आठ अक्षरं एका श्वासात आरामात बसतात, छातीचा त्रास असलेल्यालाही मध्ये श्वास तोडावा लागत नाही, आणि मराठी कानाला ती चाल लहानपणापासून माहीत असते त्यामुळे शिकवावी लागत नाही, हात आपोआप मांडीवर ठेका धरतो. मोजायचं कसं, तर लिहिलेलं प्रत्येक अक्षर एक धरायचं, जोडाक्षरही एकच, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. 'मोबाईल' म्हणजे मो-बा-ई-ल, चार. 'चष्मा' म्हणजे दोन.

एक कडवं कसं झालं ते सांगते म्हणजे कळेल. एका आजोबांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. वैतागाचा प्रश्न विचारल्यावर ते म्हणाले, 'लोक ओरडतात हो माझ्यावर. ओरडून काय होतंय, उलट कळत नाही. समोर बसा, तोंड दिसू द्या, आणि उजव्या बाजूला बसा, तोच एक कान राहिलाय कामाचा.' हे त्यांचं बोलणं जसंच्या तसं कागदावर आलं. यात चार गोष्टी आहेत, ओरडू नका, तोंड दिसू द्या, उजवा कान, तिकडे बसा. चार गोष्टी, चार ओळी. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवून जुळवलं ते असं:

ओरडून नका बोलू,
चेहरा दिसेल असा,
उजवाच कान माझा
ऐकतो, तिकडे बसा.

मोजून बघा, प्रत्येक ओळ आठ. आणि आजोबांचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे, वयाने ऐकू कमी येतं तेव्हा वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणजे स, श, च यांसारखी व्यंजनं पुसट होतात आणि स्वर ऐकू येत राहतात. त्यामुळे आवाज वाढवला तरी शब्द स्पष्ट होत नाही, नुसता गोंगाट वाढतो, त्यापेक्षा ओठ दिसले तर जास्त कळतं. हे मुलांना लेक्चरमध्ये सांगितलं तर विसरतील, आजोबांच्या तोंडून कवितेत आलं की विसरत नाहीत, त्या दिवशी मुलं खरंच खुर्च्या उचलून उजवीकडे गेली होती.

अक्षर जास्त झालं की ओळ कशी अडखळते तेही बघा. खिडकीजवळच्या खुर्चीवर हक्क सांगणाऱ्या एक आजी सगळीकडे असतातच. त्या म्हणाल्या, 'ती खुर्ची मी कुणाला देत नाही, त्या दिवशी देईन.' आधी 'खुर्ची खिडकीशी ठेवली' असं जुळत होतं, नऊ अक्षरं, म्हणताना शेवटी घाई होते आणि मागच्या रांगेतले पुढच्यांच्या मागे पडतात. टाळी वाजवत म्हणून घेतलं की लगेच कळतं, टाळी चुकली की ओळ चुकली. मग 'खिडकीची खुर्ची आज, सोडली मी पाहुण्याला' असं झालं आणि बसलं. शिवाय 'सोडली' मध्ये त्यांचा हक्क शाबूत राहतो, जो 'ठेवली' मध्ये नव्हता.

याच कडव्याच्या पहिल्या ओळीवरून वाद झाला होता. 'हे घर आमचं आहे' अशी ओळ बहुतेकांना आवडली, पण एका आजोबांनी मान हलवली, 'घर नाही हे माझं, मी इथे राहतो.' अशा वेळी बहुमताने घेऊ नका. जो शब्द एकाला जरी खोटा वाटतो तो सगळ्यांच्या तोंडी घालायचा नाही, कारण म्हणताना तो माणूस गप्प बसणार आणि ते दिसणार. 'आम्ही राहतो हो इथे' केलं, कुणालाच अडचण नाही, आणि खरं सांगायचं तर ओळही जास्त चांगली झाली.

दुसरी जागा जिथे हमखास घसरायला होतं ती म्हणजे शेवट. मुलं परत येतील का, हा प्रश्न तिथल्या प्रत्येकाच्या मनात असतो, तो कवितेत यायलाच हवा, टाळू नका. पण पहिल्या खर्ड्यात तो असा आला होता:

जाताना सांगून जा हो
पुढच्या खेपेचा वार,
नाहीतर रोज उगा
बघत बसू हो दार.

वाचून दाखवल्यावर दोघीतिघींचे डोळे भरले आणि मला वाटलं झालं, हेच ठेवूया. पण एक निवृत्त शिक्षिका आजी फटकन म्हणाल्या, 'दाराकडे बघत बसणारी मी नव्हे. मी कॅलेंडरवर लिहून ठेवते.' बाकीचे हसले आणि कडवं बदललं:

जाताना सांगून जा हो
पुढच्या खेपेचा वार,
कॅलेंडरवर त्याला
लाल गोल काढणार.

मागणी तीच आहे, वार सांगा. पण पहिल्यात पोरांवर ओझं पडतं आणि दुसऱ्यात त्यांना जाब विचारला जाणार हे कळतं, तोही हसत. ऐकणारा रडेल अशी ओळ मिळाली की ती बाजूला ठेवून एकदा विचारायचं, हे बोलणाऱ्याला स्वतःबद्दल असं म्हणायचंय का? नाही म्हटलं तर कितीही सुंदर असो, काढा.

सगळी कविता शेवटी अशी झाली. ध्रुवपद सगळ्यांनी म्हणायचं, कडवं एकेकाने.

या, बसा, नाव सांगा ना.

आम्ही राहतो हो इथे,
दार उघडं तुम्हाला,
खिडकीची खुर्ची आज
सोडली मी पाहुण्याला.
या, बसा, नाव सांगा ना.

नाव विसरलो उद्या,
पुन्हा सांगा, हसू नका,
चष्मा डोक्यावर, तरी
शोधतात रोज काका.
या, बसा, नाव सांगा ना.

ओरडून नका बोलू,
चेहरा दिसेल असा,
उजवाच कान माझा
ऐकतो, तिकडे बसा.
या, बसा, नाव सांगा ना.

तुमच्याएवढी होते
सायकल शिकताना,
ढोपराची खूण माझ्या
अजून आहे, पाहा ना.
या, बसा, नाव सांगा ना.

मोबाईल शिकवाल?
दोनदा सांगावं लागे,
पत्त्यात मात्र तुम्हाला
ठेवणार आम्ही मागे.
या, बसा, नाव सांगा ना.

जाताना सांगून जा हो
पुढच्या खेपेचा वार,
कॅलेंडरवर त्याला
लाल गोल काढणार.
या, बसा, नाव सांगा ना.

ही तशीच्या तशी वापरू नका प्लीज, तुमच्याकडे उजव्या कानाचे आजोबा नसतील तर ते कडवं खोटं होईल. साचा घ्या, माणसं तुमची घाला. चष्म्याच्या ओळीतले काका समोर बसलेले असतात, त्यांना आधी विचारलं होतं आणि त्यांनीच 'घाला घाला' म्हटलं म्हणून ती ओळ आहे. एखाद्याच्या विसरण्यावर, डायपरवर, घरच्यांच्या न येण्यावर विनोद नको, त्याने स्वतः केला तरी कवितेत नको, कारण बैठकीत सात जणांत केलेली थट्टा वेगळी आणि वीस अनोळखी पोरांसमोर वेगळी.

कविता जमली का हे तपासायचा माझा एक उपाय आहे. बैठकीला जे नव्हते त्यातल्या एखाद्या आजींना ती वाचून दाखवायची, नावं न सांगता, आणि विचारायचं, हे कोण बोलतंय? त्यांनी पटापट ओळखलं, 'हा तर तो कानवाला, आणि खुर्चीवाली ही आमची', की जमली. ओळखता आलं नाही तर तुम्ही नकळत सुधारलेलं आहे, कागदावरची मूळ वाक्यं काढून परत बघा.

म्हणून घेण्याचं आता. पाठ करायला लावू नका, त्याचं टेन्शन येऊन रात्री झोप लागत नाही असं सांगणारे लोक मी बघितलेत. प्रत्येकाला त्याच्या कडव्याचं वेगळं कार्ड द्या. अक्षरं २८ पॉइंटच्या आसपास, जाड ठशाची, काळी, कागद जाड आणि बिनचमकीचा, कारण ग्लॉसी कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि मोतीबिंदूवाल्याला काही दिसत नाही. ओळींमध्ये मोकळी जागा ठेवा, देवनागरीत वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसले की वाचताना अडखळायला होतं. चारही ओळी एकाच बाजूला, पान उलटायचं काम ठेवू नका. आणि त्या दिवशी सकाळी एक माणूस फक्त एवढ्याचसाठी लावा, चष्मा गळ्यात आहे का, श्रवणयंत्राची बॅटरी चालू आहे का, कवळी बसवली आहे का. हसू येईल, पण कवळीशिवाय स, श सुटतात आणि अर्धी कविता ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही.

ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही त्यांच्यामागे एकाने उभं राहून कानात एक ओळ म्हणायची, मग त्यांनी मोठ्याने म्हणायची. आठ अक्षरांची ओळ असल्याने एवढं लक्षात राहतं. तुमच्या त्या दोघांसाठीही हेच, किंवा त्यांना फक्त ध्रुवपद द्या. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येत असल्याने तिसऱ्या वेळेपर्यंत ते आपोआप तोंडात बसतं, मध्येच त्यांनी दोनदा म्हटलं तरी बिघडत नाही, बाकीच्यांनी पण दोनदा म्हणायचं. पक्षाघातानंतर बोलणं गेलेलं कुणी असेल तर ध्रुवपदाला अगदी साधी चाल लावा, बोलताना शब्द न सापडणाऱ्या काहींना गाताना सापडतात, सगळ्यांना नाही, पण करून बघायला हरकत नाही. नाही जमलं तर टाळी त्यांची. पार्किन्सन्स असलेल्यांचा आवाज बारीक होतो आणि हातही थरथरतो, त्यांना माइक हातात देऊ नका, स्टँडवर लावा किंवा कॉलरला.

क्रम लावताना पहिलं आणि शेवटचं कडवं खणखणीत आवाजाच्या माणसांना द्या, मधली नाजूक आवाजाची. पंखे, टीव्ही, मागची वाद्यं सगळं बंद. प्रॅक्टिस दोनदाच, वीस-वीस मिनिटं. तिसरी केली की ते गॅदरिंग व्हायला लागतं, हातवारे येतात, कुणीतरी कुणाला चूक काढून दाखवतं आणि एक आजी रुसून बसते. ज्यांना म्हणायचं नाही त्यांना आग्रह नको. एक जास्तीची सोय करून ठेवा, प्रत्येक कडव्याला दुसरा माणूस ठरलेला असावा, कारण दोन आठवड्यांत कुणी आजारी पडू शकतं, दवाखान्यात जाऊ शकतं, आणि त्याहून वाईटही होऊ शकतं. तसं झालं तर त्यांचं कडवं काढून टाकायचं की शेजाऱ्याने म्हणायचं हे तुम्ही ठरवू नका, बैठकीतल्यांना विचारा. म्हणता म्हणता कुणाचा कंठ दाटला तर धावत जाऊन पाणी वगैरे देऊ नका, सगळ्यांनी ध्रुवपद सुरू करायचं, तेवढ्यात तो माणूस सावरतो.

अशी कविता हळू म्हटली तरी दोन मिनिटांच्या आसपास संपते, जास्त लांबवू नका. आणि खरी गंमत पुढे आहे, ध्रुवपदात नाव विचारलंय ना, मग उत्तर मिळालंच पाहिजे. शेवटचं 'नाव सांगा ना' झालं की मुलांनी एकेक करून उभं राहून नाव सांगायचं आणि आजी-आजोबांनी ते सगळ्यांनी मिळून परत म्हणायचं. मुलांच्या लीडरला हे आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवा नाहीतर सगळी एकमेकांकडे बघत बसतील. मग कार्डं मुलांना वाटा, ज्याच्या हातात सायकलचं कार्ड त्याने ढोपरवाल्या आजींकडे जाऊन बसायचं, पत्त्यांचं कार्ड मिळालं त्यांनी पत्त्यांच्या टेबलावर. सहा कडवी आणि अठरा मुलं असतील तर प्रत्येक कार्डाच्या तीन प्रती काढा. काय बोलायचं हा प्रश्न उरत नाही, विषय हातात असतो. 'कुठे पडला होतात सायकलवरून?' एवढं विचारलं की पुढचा अर्धा तास कुणाला बघावं लागत नाही.

एक अडचण शंभर टक्के येणार ती आधीच सांगते. कमिटीवर कुणीतरी असतं ज्याला कवितेत देणगीदारांचे आभार, संस्थेचं नाव आणि 'तुम्ही आमचे देवदूत' हे हवंच असतं. भांडू नका. आभाराला वेगळं भाषण द्या, कवितेच्या आधी, नंतर नको, नंतर दिलं तर नावं सांगण्याची सगळी रंगत जाते. आणि कवितेला हात लावायचा म्हणाले तर मूळ कागद दाखवा, ही वाक्यं अमुक आजोबांची आहेत, बदलायची असतील तर त्यांना विचारा म्हणावं. सहसा कुणी विचारायला जात नाही.

फोटो-व्हिडिओचं मात्र आधी स्पष्ट करून घ्या. मुलं लगेच स्टेटसला टाकतात, आणि आपली आई वृद्धाश्रमात आहे हे नातेवाइकांत न सांगितलेली घरं असतात, किंवा त्या आजींनाच ते नको असतं. प्रत्येकाला एकेकटं विचारून घ्या, चारचौघांत विचारलंत तर कुणी नाही म्हणत नाही, आणि ज्यांची ना आहे त्यांना अशा बाजूला बसवा की तिकडून फोटो निघणारच नाही.

दोन आठवडे आहेत तर पहिली बैठक या दोन-तीन दिवसांतच घ्या, म्हणजे वाक्यं जुळवायला चार दिवस, वाचून दाखवून बदलायला दोन आणि मग कार्डं छापून त्यांच्या हातात चार-पाच दिवस तरी राहतील. वाक्यं जुळत नसतील तर कागदावरची मूळ वाक्यं इथे टाका, माणसांची नावं न घालता, अक्षरं मोजायला मी मदत करते.